मुख्याध्यापिकाबाईंची चिठ्ठी

गेल्या उन्हाळ्यात, सुट्टी संपण्याच्या सुमारास, आमच्या परिचयातील एक मुख्याध्यापिकाबाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या. अरेरा कॉलनीतील आमचे घर त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे येणे नवे नव्हते, पण त्या दिवशी पर्समधून त्यांनी एक कागद काढला आणि म्हणाल्या, "वहिनी, चहा नंतर. आधी हे तुम्ही दोघेही वाचा. शाळा उघडली की पालकांना पाठवायचे आहे. भाषा जरा तपासून द्या."

कागद हिंदीत होता. त्याचा आशय मराठीत असा: "सर्व पालकांना शेवटची ताकीद देण्यात येते की, वारंवार सूचना देऊनही काही बेजबाबदार पालक शाळा सुटल्यावर आपल्या मुलांना वेळेवर नेत नाहीत. शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे! यापुढे उशीर झाल्यास मुलास फाटकाबाहेर उभे करण्यात येईल व त्यास शाळा जबाबदार राहणार नाही. तीनदा असे घडल्यास मुलाचे नाव कमी केले जाईल."

आम्ही भाषा तपासली नाही. आधी विचारले, की अशी मुले किती? बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पुष्कळ आहेत हो!" दुसऱ्या दिवशी चौकीदाराची वही घेऊन पुन्हा आल्या. एप्रिल महिन्यात दुपारी दोननंतर शाळेत राहिलेली मुले नऊ होती, आणि त्यांपैकी पाच मुले एकाच व्हॅनने जाणारी! तो व्हॅनवाला आधी दुसऱ्या एका शाळेची मुले पोहोचवून मग इकडे येत असे. म्हणजे निम्म्याहून अधिक उशीर पालकांचा नव्हताच. त्या पाच घरी "बेजबाबदार" हा शब्द गेला असता, तर पुढची सूचना तिथे कोणत्या मनाने वाचली गेली असती, याचा वाचकांनीच विचार करावा. व्हॅनवाल्याशी बाई स्वतः बोलणार, हे तिथेच ठरले.

मग मूळ चिठ्ठी समोर ठेवून, तीत घडलेली गोष्ट सांगणारी वाक्ये कोणती, एवढ्यांखालीच पेन्सिलीने रेघ मारली. एकच निघाले: काही मुले वेळेवर नेली जात नाहीत. तेही अपुरे, कारण शाळा किती वाजता सुटते आणि किती वाजेपर्यंत मूल थांबलेले चालते, हे चिठ्ठीत कुठेच नव्हते. बाकी सारा राग. रागातला एक धागा मात्र आम्हाला सोडावासा वाटेना. "पाळणाघर नव्हे" असे का लिहावेसे वाटले, असे विचारल्यावर बाई हळू आवाजात म्हणाल्या, की दोननंतर शिक्षिका घरी जातात, शाळेत एकटा चौकीदार उरतो, आणि एके दिवशी पहिलीतली एक मुलगी त्याची नजर चुकवून रस्त्यापर्यंत गेली होती. हेच तर लिहायला हवे होते! चिठ्ठीच्या मुळाशी भीती होती आणि कागदावर उतरला तो संताप.

"काही बेजबाबदार पालक" या शब्दांत आणखी एक गोम आहे. असे पत्र सर्वांच्या घरी जाते. वेळेवर येणाऱ्याला ते लागते, आणि उशिरा येणारा ते दुसऱ्या कुणाविषयी आहे असे समजून घडी घालून ठेवतो. "वारंवार सूचना देऊनही" हे शब्दही आपल्याच विरुद्ध साक्ष देतात. आधीच्या सूचनांचा काही उपयोग झाला नाही, हे लिहिणाराच कबूल करतो.

धमक्यांविषयी मात्र आम्हाला थोडे कठोर व्हावे लागले. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमानुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईतो मुलास शाळेतून काढता येत नाही, आणि सतरावे कलम शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करते. बाईंची शाळा आठवीपर्यंतचीच. म्हणजे नाव कमी करण्याची धमकी त्या अमलात आणूच शकत नव्हत्या, आणि हे जाणणारा एखादा वकील पालक निघताच त्यांच्या बाकीच्या शब्दांचेही वजन गेले असते. सहा वर्षांच्या मुलाला भोपाळच्या उन्हात फाटकाबाहेर उभे करून वर "जबाबदार नाही" असे लिहिल्याने जबाबदारी टळत नाही. बाई हसल्या. "मी करणार थोडीच होते? घाबरवायला लिहिले." आम्ही म्हटले, जे करणार नाही ते लिहू नये; जे करणार ते मात्र तारखेसकट लिहावे.

मग क्रियापदांकडे वळलो. मराठीत "न्या" म्हटले की आज्ञा होते, "न्याल का" म्हटले की विनवणी. पण "न्यावे" यात दोन्हींच्या मधली जागा आहे, मान राखून ठामपणे सांगणारी. हिंदीतले "ले जाएँ" तेच काम करते. "ताकीद देण्यात येते" यात बोलणारा माणूस नाहीसा होतो. "आम्ही दूरध्वनी करू" यात तो समोर उभा राहतो. शेवटी जो मजकूर तयार झाला, तो असा:

"सप्रेम नमस्कार. आपली शाळा दुपारी दीड वाजता सुटते. दोन वाजेपर्यंत एक शिक्षिका कार्यालयाजवळच्या वर्गात मुलांसमवेत बसतात. त्यानंतर शाळेत केवळ चौकीदार असतो, आणि लहान मुलांना एवढ्याच देखरेखीवर ठेवणे आम्हाला सुरक्षित वाटत नाही. म्हणून १ जुलैपासून आपल्या पाल्यास दोनच्या आत न्यावे. एखाद्या दिवशी अडचण आल्यास दीडपूर्वी कार्यालयास कळवावे. त्या दिवशी शिक्षिका अडीचपर्यंत थांबतील. दुसऱ्या कोणास पाठवणार असाल तर त्यांचे नाव आधी कळवावे. न कळवलेल्या व्यक्तीकडे मूल सोपवले जाणार नाही. न कळवता दोननंतर मूल राहिल्यास आम्ही घरी दूरध्वनी करू व आपण येईतो एक शिक्षिका मुलाजवळ थांबतील. महिन्यात तिसऱ्यांदा असे झाल्यास आपणांस भेटीसाठी बोलावू."

बाईंना हे फार मवाळ वाटले. आम्ही त्यांना दोन्ही कागद पुन्हा वाचायला सांगितले: पहिल्यात पालकाने नेमके काय करायचे ते सापडत नाही, दुसऱ्यात वेळ, तारीख, अपवाद आणि परिणाम चारही आहेत. शिवाय चिठ्ठी मुलाच्या डायरीतून घरी जाते आणि वाचता येणारे मूल ती वाटेतच वाचते. आपले आईवडील बेजबाबदार आहेत, हे त्याने शाळेच्या शिक्क्यासह का वाचावे? पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतानाही हाच मजकूर जावा, कोणाच्या मुलाचे नाव तिथे येऊ नये, हेही ठरले.

एक कबुली द्यायला हवी. व्हॅनच्या वेळा बदलल्यावर पाच मुलांचा प्रश्न सुटला आणि पत्रानंतर दोन घरे सुधारली. उरलेल्या दोन घरांवर पत्राचा काहीच परिणाम झाला नाही. त्यांतल्या एका घरी आई रुग्णालयात पाळीवर काम करणारी, दुपारी सुटका होणे अशक्य. ते भेटीतच कळले, आणि शेजारच्या आजीबाईंचे नाव वहीत नोंदवून घेतले गेले. दुसऱ्या घराशी अजून भेटी चालू आहेत.

पत्र हिंदीत टंकलिखित करण्याचे काम शाळेच्या बाबूंकडे गेले. वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी शीर्षस्थानी ठळक अक्षरांत "चेतावनी" लिहिले आणि तळाशी स्वतःहून जोडले, "अन्यथा समस्त जिम्मेदारी आपकी होगी।" बाईंनी दोन्हींवर लाल रेघ ओढली आणि वर लिहिले, "छुट्टी के समय के बारे में".