‘यू’ची तथाकथित तटस्थता

भारतीय प्रेमकवितेच्या इंग्रजी भाषांतरासंबंधी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. पहिल्या मतानुसार इंग्रजी ‘यू’ला लिंग नसल्यामुळे मूळ कवितेतील प्रिय व्यक्तीचे लिंग भाषांतरात हरवते, ही हानी अटळ असल्यामुळे तिची नोंद प्रस्तावनेत करून पुढे जावे. दुसऱ्या मतानुसार ही हानी नव्हेच. व्याकरणाने लादलेल्या लिंगातून कविता मुक्त होते आणि तिचा ‘तू’ कोणाचाही होऊ शकतो. ही मते परस्परविरोधी दिसली तरी दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. मराठी आणि हिंदी या भाषा प्रिय व्यक्तीचे लिंग सतत उघड करतात आणि इंग्रजी ते सतत झाकते, असे दोन्ही पक्ष मानून चालतात. हे गृहीतक चुकीचे आहे. आणि ते चुकीचे असल्यामुळे हानी नेमकी कोठे होते, हेही दोन्ही पक्षांना दिसत नाही.

मराठी क्रियापद काय करते ते पाहावे. ‘तू येतोस’, ‘तू येतेस’, ‘तू आलास’, ‘तू आलीस’ या रूपांत संबोधिताचे लिंग कळते. ‘तू येशील’, ‘तू ये’, ‘तू यावेस’ यांत ते कळत नाही. म्हणजे जो येऊन गेला त्याचे लिंग मराठी सांगते. जो यायचा आहे त्याचे सांगत नाही. प्रेमकवितेत प्रतीक्षा आणि विनवणी यांना किती जागा असते हे ध्यानात घेतले, तर ही बाब किरकोळ ठरत नाही. ‘तुम्ही आलात’ हे आदरार्थी रूपही पुरुषाला आणि स्त्रीला सारखेच लागते. क्रियापदाच्या निवडीनेही फरक पडतो. ‘तू मला विसरलास’ किंवा ‘विसरलीस’ असे म्हणताना लिंग सांगावेच लागते. ‘तू मला पाहिलेस’ असे म्हणताना ते सांगताच येत नाही. ‘मी तुझ्यावर प्रेम केले’ या वाक्यात तर बोलणारा आणि ऐकणारा या दोघांचेही लिंग अव्यक्त राहते. तेव्हा मराठीत लिंग सांगणे आणि न सांगणे या दोन्ही शक्यता आहेत, आणि त्यांपैकी कोणती कोठे वापरली, हा कवितेच्या रचनेचा भाग आहे.

या व्यवस्थेत वाचक फसण्याच्याही जागा आहेत. उदाहरणासाठी रचलेले एक साधे गद्य वाक्य घेऊ: ‘काल तू पूर्णगडला आलीस, दिवा मालवलास, खिडकी उघडलीस.’ तीन क्रियापदे आहेत आणि तिन्हींच्या शेवटी ‘स’ आहे. पण प्रिय व्यक्तीविषयी बोलते ते फक्त पहिले. ‘मालवलास’ हे पुल्लिंगी रूप दिव्यामुळे आले आहे आणि ‘उघडलीस’ हे स्त्रीलिंगी रूप खिडकीमुळे. आपले व्याकरण याला कर्तृ-कर्म संकर प्रयोग म्हणते: पुरुष कर्त्याचा, लिंग कर्माचे. आता ‘आलीस’ काढून फक्त उरलेली दोन क्रियापदे ठेवली, तर प्रिय व्यक्ती स्त्री की पुरुष हे कळण्यास काहीच आधार उरत नाही. तरीही ‘उघडलीस’मधील ‘ली’ ऐकून तेथे स्त्री आहे असे समजणारा वाचक भेटू शकतो आणि तसा भाषांतरकारही. कसोटी सोपी आहे. खिडकीच्या जागी दरवाजा ठेवून पाहावा. रूप बदलून ‘उघडलास’ झाले, तर लिंग वस्तूचे होते. ‘आलीस’ मात्र कोणतीही वस्तू बदलली तरी बदलत नाही.

हिंदीची मांडणी निराळी आहे. ‘तुमने देखा’ हे मराठीप्रमाणेच मौन पाळते. परंतु भविष्यकाळात ‘तुम आओगे’ आणि ‘तुम आओगी’ असा भेद करावाच लागतो आणि आदरार्थी ‘आप’ही त्यातून सुटत नाही. त्यामुळे ‘तू येशील’ या आशेवर उभी असलेली मराठी कविता हिंदीत नेताना भाषांतरकाराला मूळ कवीने न घेतलेला निर्णय घ्यावा लागतो. येथे दोष इंग्रजीचा नाही. लिंग गाळण्याने हानी होते, तशीच ते भरल्यानेही होते, ही गोष्ट केवळ इंग्रजीकडे बोट दाखवणाऱ्यांच्या नजरेतून सुटते.

हिंदीत लिंग व्यक्त होते तेव्हाही ते प्रिय व्यक्तीचे वास्तव लिंग असतेच असे नाही. जयशंकर प्रसादांचे ‘आँसू’ (१९२५) हे याचे ठळक उदाहरण. त्यातील एका प्रसिद्ध कडव्यात प्रिय व्यक्ती येते तेव्हा तिच्या मुखावर घुंघट आहे आणि पदराआड दिवा आहे. येण्याचे क्रियापद मात्र पुल्लिंगी आहे. वेष स्त्रीचा, व्याकरण पुरुषाचे. फारसी-उर्दू काव्यपरंपरेतील पुल्लिंगी माशूकाचा हा वारसा मानावा, अलौकिक प्रियतमाची खूण मानावी, की एखाद्या लौकिक व्यक्तीवर ओढलेला पडदा मानावा, हा अर्थनिर्णयनाचा खरा प्रश्न आहे. इंग्रजीत ‘यू केम’ म्हणताच घुंघट उरतो आणि क्रियापद मुके होते. वाचकापुढे एक अवगुंठित स्त्री उभी राहते. तिच्याविषयी प्रश्न पडण्याचे कारणच उरत नाही. म्हणजे येथे हरवते ते लिंग नव्हे. लिंग तर उलट निश्चित होते. हरवते ती विसंगती.

यावरून ‘यू’ मुक्त करतो हा दावाही तपासता येतो. वाचक रिकामी जागा रिकामी ठेवत नाही. क्रियापद बोलेनासे झाले की तो मुखपृष्ठावरील नावाकडे पाहतो आणि कवी पुरुष असेल तर ‘यू’ स्त्री आहे असे ठरवतो. ज्ञानेश्वरांच्या नावावरील विराण्यांत नाव पुरुषाचे आहे आणि बोलणारी विरहिणी आहे. ती स्त्री आहे हे कधी रूपांवरून, कधी सखीला घातलेल्या हाकेवरून, कधी अंगावरच्या चोळीच्या उल्लेखावरून कळते. चोळी भाषांतरात टिकते. रूपे टिकत नाहीत. जेथे आधार केवळ रूपांचा असतो, तेथे इंग्रजी ‘आय’मागे ज्ञानेश्वर स्वतःच उभे राहतात आणि विरहिणी नाहीशी होते. ‘आय’ आणि ‘यू’ यांची ही मुक्ती व्यवहारात रूढ कल्पनेच्या स्वाधीन होणे ठरते.

मग भाषांतरकाराने काय करावे? प्रत्येक ‘यू’पुढे ‘सखी’ वा ‘सखया’ अर्थाचे संबोधन जोडणे हा उपाय नव्हे; त्याने कवीने राखलेले मौनही मोडते. प्रथम मूळ संहितेत लिंग कोठे उघड होते, कोठे झाकले जाते आणि कोठे वस्तूचे लिंग प्रिय व्यक्तीचे वाटते, याची ओळीगणिक नोंद करावी. सातव्या ओळीपर्यंत मौन असेल, तर इंग्रजीतही सातव्या ओळीपर्यंत ते असावे आणि तेथे एखादे वस्त्र, नाते किंवा तृतीयपुरुषी सर्वनाम पुढे यावे. ‘आँसू’सारख्या ठिकाणी हेही पुरणार नाही, कारण विसंगती क्रियापदाच्या रूपातच आहे. तेथे टीप द्यावी, पण लिंग सांगण्यासाठी नव्हे, तर विसंगती दाखवण्यासाठी.

‘तू’ आणि ‘यू’ यांतील अंतर बोलणाऱ्या आणि मुक्या भाषेतील अंतर नाही. मराठी कवीला बोलणे आणि मौन यांतून निवड करता येते; इंग्रजी ‘यू’ला ती निवड नाही. भाषांतरात ज्याचा हिशेब द्यायचा तो या निवडीचा. तो न देता ‘यू’चे स्वागत करणारे आणि ‘यू’विषयी हळहळणारे, दोघेही मूळ कविता सारखीच अर्धवट वाचतात.