नव्वद दिवसांची उधारी

कामगाराचा पगार अडकला की घरात काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आपल्यातलाच एखादा नोकरी सोडून छोटा कारखाना टाकतो, तेव्हा त्याचाही पगार अडकू शकतो. मोठा गिऱ्हाईक मिळाल्याच्या आनंदात हे ध्यानात येत नाही. आमच्या घरात ते ऐनवेळी ध्यानात आले, म्हणून ही हकीकत सांगतो.

आमच्या धाकट्या भावाचा नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा आहे. एक मशीन, चार कामगार, माल म्हणजे स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे. हिशेब भावजय बघते. मोठमोठी दुकाने चालवणाऱ्या एका कंपनीने दरमहा चार लाखांचा माल मागितला. भाव बरा होता. अट एकच, पैसे नव्वद दिवसांनी. भाऊ सही करायला निघाला होता. भावजय म्हणाली, "अहो, आधी वही उघडू द्या."

वहीत निघाले ते असे. चार लाखांच्या मालाला साडेतीन लाख खर्च. त्यात मोठा वाटा प्लास्टिकच्या दाण्याचा, आणि दाणेवाला रोख मागतो. मजुरी दर शनिवारी, विजेचे बिल महिन्याला. राहतात पन्नास हजार. पण पहिले पैसे हाती पडेपर्यंत तीन महिन्यांचा माल गेलेला असणार, म्हणजे साडेदहा लाख आपल्या पदरचे गुंतले. तेवढे पैसे घरात नव्हतेच. दरमहा दीड टक्क्याने काढले असते तर व्याज १५,७५० रुपये. नफ्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा व्याजातच गेला. शिवाय जीएसटी बिल फाडले की लागू होतो. गिऱ्हाईकाचे पैसे आले नाहीत म्हणून सरकार थांबत नाही.

तेव्हा आम्ही सर्वजण बसलो आणि कायदा समजून घेतला. लहान कारखानदाराचे पैसे थकवू नयेत म्हणून १९९३ साली एक कायदा झाला होता. त्याच्या जागी २००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आला. त्यात म्हटले आहे की लेखी करार असेल तर त्यातल्या तारखेला पैसे द्यावेत, पण ती मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस. करारात नव्वद लिहून दोघांनी सह्या केल्या, तरी कायद्यापुढे पंचेचाळीसच धरले जातात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु कारखानदाराला व सेवा देणाऱ्याला आहे, नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. ती फुकट होते, पण पहिला माल जाण्याआधीच करून घ्यावी, कारण मागाहून केलेली नोंदणी आधीच्या मालाला कामाला येत नाही. तो नंबर प्रत्येक बिलावर छापावा.

आता कायदा समोर धरून मोठ्या गिऱ्हाईकाशी भांडायला गेलो असतो, तर ऑर्डरच गेली असती. म्हणून भावजयीने दुसरी बाजू धरली. २००६ च्या कायद्याच्या मुदतीत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच आयकरात वजा मिळतो, हा नियम २०२३ च्या वित्त कायद्याने आणला आणि १ एप्रिल २०२४ पासून अमलात आला. म्हणजे मुदत उलटून गेलेले बिल ३१ मार्चला थकलेले राहिले, तर कंपनीच्या नफ्यात ती रक्कम मिळवून तिच्यावर कर लागतो. खरेदीच्या साहेबांना हे ठाऊक नव्हते. त्यांच्या हिशेब खात्याला पक्के ठाऊक होते. भावजय शांतपणे एवढेच म्हणाली, "साहेब, नव्वद दिवस तुमच्याच ऑडिटरला चालणार नाहीत. एकदा विचारून घ्या."

त्याबरोबर आपणही काही देऊ केले. पंचेचाळीसऐवजी पंधरा दिवसांत पैसे दिले तर सव्वा टक्का सूट. हा आकडा हवेतून आणलेला नव्हता. साडेतीन लाख एक महिना आधी मोकळे झाले की ५,२५० रुपये व्याज वाचते. चार लाखांवर सव्वा टक्का म्हणजे पाच हजार. त्याहून जास्त सूट म्हणजे पदरचे घालवणे.

मुदत ठरली, तरी खरी मेख ती मोजायची कुठून यात असते. कंपनीच्या मसुद्यात होते, 'बिल मंजूर झाल्यापासून पंचेचाळीस दिवस'. बिल महिनाभर टेबलावर पडले तर पंचेचाळीसचे पंचाहत्तर होतात. कायदा मालाच्या पोचेपासून मोजतो. मालात खोट असेल तर घेणाऱ्याने पंधरा दिवसांत लेखी कळवावे. नाही कळवले, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. म्हणून आम्ही 'डिलिव्हरी चलनाच्या तारखेपासून' असे लिहून घेतले. टेम्पोवाल्याला बजावले की गोदामातून शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय परत यायचे नाही. ती चलने भावजय तारखेवार लावून ठेवते.

शेवटी पंचेचाळीस दिवस ठरले, पण माल महिन्याला दोनच लाखांचा. हे आम्हीच मागितले. त्यात दोन लाख साठ हजारांच्या आसपास गुंततात, आणि तेवढे घराला झेपते. एखादा महिना पैसे लांबले तरी कामगारांचा शनिवार चुकत नाही.

या कायद्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आयकराचा धाक मार्चजवळ जोरात असतो, जुलैत कमी. हा नियम आल्यावर काही गिऱ्हाइकांनी लहानांना सोडून मध्यम कारखान्यांकडे वळायला सुरुवात केली, काहींनी उद्यम नोंदणीच काढून टाका असे सुचवले. तसे कोणी म्हणाले तर ऐकू नये. पैसे बुडतच असतील तर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. ती आधी समेट घडवते, नाही जमले तर लवाद. कायद्यात नव्वद दिवसांत निकाल म्हटले आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात. मात्र निकालाविरुद्ध कोर्टात जायचे तर गिऱ्हाईकाला पाऊण रक्कम आधी भरावी लागते. असे प्रकरण नेले की तो गिऱ्हाईक बहुधा परत येत नाही, हे मनाशी धरूनच जावे.

मधला एक मार्ग 'ट्रेड्स' या व्यवस्थेचा आहे. तिथे गिऱ्हाईकाने मान्य केलेले बिल बँका बोली लावून विकत घेतात आणि व्याज कापून थोड्याच दिवसांत पैसे देतात. गिऱ्हाईकाने पुढे बुडवले तरी बँक आपल्या मागे लागत नाही. अडीचशे कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणे ३१ मार्च २०२५ पर्यंत सक्तीचे केले होते. पण गिऱ्हाईकाने बिल मान्य केल्याखेरीज काही होत नाही, म्हणून ऑर्डर घेतानाच विचारावे, "आमची बिले ट्रेड्सवर मान्य करणार का?" भावजयीने ते विचारून उत्तर लेखी घेतले आहे. पहिल्या चलनाची मुदत येत्या महिन्यात संपते. ती तारीख गाळ्यातल्या कॅलेंडरवर लाल शाईने गोल केलेली आहे.