एप्रन घातलेल्या लेकीचं कॅप्शन

मंडळी, आजची पोस्ट रस्त्याची नाही, पाण्याची नाही आणि निवडणुकीची तर नाहीच. एका कॅप्शनची आहे. पण पूर्ण वाचा, कारण यात मलाही दोन शब्द ऐकून घ्यावे लागलेत.

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतली मुलगी यंदा सरकारी मेडिकल कॉलेजला लागली. नाव, गाव, कॉलेज काही लिहीत नाही, कारण ती तिची गोष्ट आहे. परवा तिच्या कॉलेजात व्हाईट कोट सेरेमनी झाली. पोरं त्याला साधं ‘एप्रन घालायचा कार्यक्रम’ म्हणतात. आई, बाबा, मोठा भाऊ असे तिघं पहाटेच्या एसटीने गेले होते. संध्याकाळी तिचा मेसेज आला, “काका, तुम्ही पेपरात लिहिता ना? फोटो टाकायचाय. कॅप्शन जरा बघून द्या. पण अशी वाटायला नको की पोरगी चढली.”

ही शेवटची ओळ वाचली आणि मी चहा खाली ठेवला. एवढी जाण असलेली पोरगी, तरी तिचं कॅप्शन असं होतं :

“स्वप्न पूर्ण! आमच्या मागास गावातली पहिली डॉक्टर. आई-बाबा अशिक्षित असूनही त्यांनी माझ्यासाठी सर्वस्वाचा त्याग केला. ज्यांनी नावं ठेवली त्यांना आज उत्तर मिळालं. मेहनत केली की सगळं मिळतं. डॉ. अमुक तमुक.”

हसू नका. ही भाषा तिला कुणी शिकवली? आम्हीच. ‘तालुक्याचं नाव रोशन’, ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात’, ‘अडाणी आईबापाची लेक डॉक्टर’ असे मथळे मी स्वतः वीस वर्षं दिलेत. स्टँडसमोरचे बॅनर त्याच भाषेत छापले जातात. पोरीने आमचंच आम्हाला परत दिलं.

तिला फोन केला आणि आम्ही एकेक ओळ घेऊन बसलो.

पहिलं, ‘स्वप्न पूर्ण’ आणि ‘डॉ.’. हा कार्यक्रम मुळात कशासाठी असतो, हे मी तिला विचारलं. आज ज्या रूपात तो होतो, ते रूप 1993 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आलं. अर्नोल्ड गोल्ड नावाच्या बालरोग-मज्जातज्ज्ञाचं म्हणणं असं होतं की डॉक्टरकीची शपथ शिक्षण संपताना देतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. माणसाशी कसं वागायचं याची सवय तोवर पक्की झालेली असते. म्हणून शपथ पहिल्याच वर्षी द्या आणि कोट घालतानाच द्या. आपल्याकडे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने प्रवेशाच्या वेळी चरक शपथेची शिफारस केली. त्यावरून वादही झाला, तो वेगळा विषय. मुद्दा एवढाच, की हा कोट बक्षीस म्हणून मिळत नाही, तो आगाऊ दिलेला असतो. उचल घेतल्यासारखा. ती पुढे फेडायची.

साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, मग मेडिकल कौन्सिलची नोंदणी, तेव्हा कुठे ‘डॉ.’. ती म्हणाली, “काका, सगळेच लिहितात.” मी म्हटलं, लिहू देत. पण गणपतीत तू गावी येशील, तेव्हा सखाराम आजोबा बीपीची गोळी घेऊन तुझ्यासमोर बसतील आणि विचारतील, ‘ही बंद करू का?’ पहिल्या वर्षाला तुला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. औषधशास्त्र दुसऱ्या वर्षापासून. ‘माहीत नाही’ म्हणालीस तर ते म्हणतील पोरगी भाव खाते, आणि अंदाजाने सांगितलंस तर गोळी खरंच बंद करतील. दोन अक्षरांची ही किंमत आहे. ती गप्प झाली. ‘डॉ.’ तिने स्वतःच खोडलं.

दुसरं, ‘अशिक्षित असूनही’. मी विचारलं, हे आईला वाचून दाखवलंस? नाही म्हणाली. या ‘असूनही’मध्ये सगळी गडबड आहे. आपण वाकून नमस्कार करतोय असं आपल्याला वाटतं, आणि वाचणाऱ्याला आईचं उणं आधी दिसतं. तीन-चारशे लोकांसमोर. बाबांच्या कर्जाचं तेच. त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नसतं आणि आपण आभार मानता मानता उघडं करतो. ज्याचे आभार मानायचे त्याला आधी वाचून दाखवा, त्याला नको असेल ते काढा. बातमीदारीत आम्हाला हा नियम शिकवतात आणि आम्हीच तो मोडतो.

‘सर्वस्वाचा त्याग’ हाही पोकळ शब्द. कुणाच्याही आईला चिकटवता येतो. मी म्हटलं, आईने नेमकं काय केलं ते सांग. ती म्हणाली, “अकरावी-बारावीला महाडची पहिली गाडी पकडायची तर वाडीवरून फाट्यापर्यंत पाऊण तास चालावं लागायचं. पावसाळ्यात अंधार असायचा. आई बॅटरी घेऊन सोडायला यायची आणि एकटी परत जायची. दोन वर्षं.” बाबा? “मुंबईला असतात, वॉचमन आहेत. रात्रपाळी संपली की सहाला फोन करून उठवायचे. मी ड्रॉप घेतला तेव्हा बोलले फक्त एवढंच, अजून एक वर्ष, त्यात काय.” आणि दादा? इथे ती जरा थांबली. दादाने बारावीनंतर एमआयडीसीत काम धरलं. त्याच्या पगारातून टेस्ट सीरिज आणि मोबाईलचं रिचार्ज.

बघा, इथे त्याग हा शब्द कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याचा गळा भरून येतो. कृती लिहिली की बढाई आपोआप गळते, कारण वाक्याचा कर्ता बदलतो. ‘मी’च्या जागी आई येते, बॅटरी येते.

तिसरं, ‘मागास गावातली पहिली’. पहिली असेल, खरं असेल तर एकदा लिहायला हरकत नाही. पण गावाला खाली ढकलून आपण उंच दिसायचं, हे कशाला? जुलै 2021 मध्ये तळियेत आणि पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी आल्या, तेव्हा बाहेरची मदत पोचायच्या आधी चिखलात हात घातले ते शेजारच्या वाड्यांतल्या माणसांनी. त्यांना एका फोटोखाली मागास म्हणायचं? बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री काढल्या आणि पुढे प्राझोसिनने जीव वाचवता येतात हे जगाला दाखवलं. ते रुग्ण आपल्याच भातशेतातले होते, आणि त्यांना आणणारे आपलेच लोक होते. हे गाव नसतं तर तो शोध इथे लागला नसता.

आणि चौथं. इथे मला जपून बोलावं लागलं. ‘मेहनत केली की सगळं मिळतं.’

मी विचारलं, तुझ्याबरोबर त्या पहिल्या गाडीला आणखी कोण असायचं? तिने एक नाव सांगितलं. शेजारच्या वाडीची मैत्रीण. एकाच बाकावर बसायच्या. बायोलॉजीच्या नोट्स तिच्याच हातच्या. दोघींनी नीट दिली, दोघींनी ड्रॉप घेतला, दुसऱ्या वेळी हिला जागा मिळाली आणि तिला थोड्या मार्कांनी नाही. ती आता नर्सिंगला आहे. “निकाल लागल्यापासून नीट बोलत नाही, काका. मी मेसेज केला की फक्त अंगठा पाठवते.”

2024 ला नीट द्यायला 23 लाखांवर मुलं बसली होती. तेव्हा देशात एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाखाच्या आत होत्या, आणि परवडणाऱ्या सरकारी त्यातल्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे वीस लाखांच्या वर मुलांना जागा मिळणं शक्यच नव्हतं, सगळ्यांनी कितीही मेहनत केली असती तरी. ‘मेहनत केली की मिळतं’ याचा दुसरा अर्थ ‘तुला मिळालं नाही म्हणजे तू केली नाहीस’ असा होतो. हे वाक्य त्या मैत्रिणीच्या मोबाईलवर उजाडणार होतं. आणि उद्या वॉर्डात रात्री दोनला हिच्या शेजारी कोण उभं असेल? नर्सच.

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, “ती ओळ काढते. ज्यांनी नावं ठेवली तीपण काढते. खरं तर कुणी ठेवली नव्हती. एक चुलते काहीतरी बोलले होते, तेवढंच.”

एका चुलत्यासाठी आख्ख्या गावाला टोमणा बसणार होता.

मैत्रिणीचं नाव आभारात घालू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आधी फोन कर. न विचारता घातलंस तर तिच्या न लागलेल्या नंबरची जाहिरात होईल. तिने तिला फोन केला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण रात्री साडेदहाला पोस्ट पडली. तिच्या परवानगीने इथे देतो :

“आज पहिल्यांदा एप्रन घातला. डॉक्टर व्हायला अजून साडेपाच वर्षं आहेत, तोपर्यंत गोळ्या-औषधं कृपया आपल्या डॉक्टरांनाच विचारा. आई दोन पावसाळे बॅटरी घेऊन फाट्यापर्यंत आली. बाबांनी रात्रपाळीनंतर रोज सहाला उठवलं. दादाच्या पगारावर माझा अभ्यास झाला. बायोलॉजीच्या नोट्स माझ्या नव्हत्या, ज्या मैत्रिणीच्या होत्या तिला माहीत आहे. ज्यांनी आपलं शरीर आम्हाला शिकायला दिलं, त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत. त्यांनाही नमस्कार.”

शेवटची दोन वाक्यं माझी नाहीत, तिची आहेत. डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी त्यांना देहदात्यांसमोर उभं करून शपथ देतात, ते तिला आठवलं. मी वीस वर्षांत असं एक वाक्य लिहिलेलं नाही.

आता माझं म्हणणं. निकालाचे आणि प्रवेशाचे दिवस आले की आपण सगळे बॅनर लावतो. लावा. आनंद झाकून ठेवायची गरज नाही, आणि ‘मी काहीच केलं नाही’ असं खोटं नम्रपणे सांगायचीही नाही. पोरीने अभ्यास केलाय, ते खरंच आहे. फक्त छापायच्या आधी तो मजकूर दोन माणसांच्या डोळ्यांनी वाचा. एक, ज्याचे आभार मानताय तो. दुसरा, जो त्याच गाडीत होता आणि ज्याला जागा मिळाली नाही. दोघांची मान खाली जात नसेल तर खुशाल छापा. आमच्या पेपरात माझ्या हातून जाणाऱ्या सत्काराच्या बातम्यांना मी हाच नियम लावणार आहे. चुकलो तर इथेच कमेंटमध्ये कान धरा.

आणि हो, त्या पोस्टखाली पहिली कमेंट नर्सिंगवाल्या मैत्रिणीची आहे. “नोट्स परत कर आता.” त्यापुढे हसण्याची तीन चित्रं. नुसता अंगठा नाही.