मशीन मुलाचं, व्याज काकांच्या नावावर

या आठवड्यात खरं तर कोकणे चौकातल्या सिग्नलवर लिहायचं ठरवलं होतं. मजकूर मनात तयार होता, शिव्यांसकट. पण शनिवारी रात्री बी विंगमधले काका हातात चार कागद घेऊन दारात उभे राहिले आणि सिग्नल पुन्हा एकदा पुढच्या आठवड्यावर गेला. हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की मी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट छापून घेतो आणि पेन्सिलीने एकेका नोंदीवर टिक करतो. घरात त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. सोसायटीत मात्र टँकरच्या बिलांवर लिहिल्यापासून मला उगाचच हिशेबनिसाचा दर्जा मिळाला आहे.

काका पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. कार्ड त्यांच्या नावावर आणि त्यावर दोन अ‍ॅड-ऑन कार्डं. एक मुलाकडे, जो रोज चाकणला जातो, आणि एक सुनेकडे. घरातली रीत अशी की ज्याने त्याने आपापला वाटा भरायचा. काकांनी कागद टेबलावर पसरले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘‘माझा वाटा मी वेळेत भरला. सूनबाईंनीही भरला. मग हे व्याज माझ्या नावाखाली कसं छापलंय? चिरंजीवांच्या नावाखाली बघा, एक पैसा नाही!’’

खरंच नव्हता. त्यांच्या बँकेचं स्टेटमेंट तीन कप्प्यांत येतं. आधी काकांचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि त्यांच्या नोंदी. मग सुनेचं नाव, तिचे चार आकडे, तिच्या नोंदी. मग मुलाचं. दिसायला अगदी तीन बिलं एकत्र टाचल्यासारखं. आणि इथेच माणूस फसतो. कप्पे फक्त खरेदीचे असतात. भरणा, व्याज, त्यावरचा जीएसटी, वार्षिक फी, हे सगळं खात्याचं. आणि खातं मूळ कार्डधारकाचं, म्हणून ते काकांच्या कप्प्यात जाऊन बसतं. मुलाने आपल्या मोबाइलवरून भरलेले पैसेही काकांच्याच नावाखाली ‘जमा’ म्हणून दिसत होते.

आता झालं काय ते सांगतो. बारा जूनच्या स्टेटमेंटवर एकूण देणं होतं ४५,००० रुपये. त्यात काकांचे ९,४०० (वीस मेला घेतलेला चष्मा), सुनेचे १४,००० (पंचवीस मे, मुलीची पुस्तकं आणि गणवेश) आणि मुलाचे २१,६०० (दोन जून, वॉशिंग मशीन). ड्यू डेट दोन जुलै. काका आणि सूनबाई यांनी त्या दिवसापर्यंत मिळून २३,४०० भरले. मुलगा शिफ्टच्या गडबडीत विसरला आणि पाच तारखेला त्याने आपले २१,६०० भरले. मिनिमम ड्यूपेक्षा कितीतरी जास्त रक्कम मुदतीत भरलेली असल्याने लेट फी लागली नाही. म्हणून मुलगा निश्चिंत. त्याचा हिशेब असा की तीन दिवस उशीर म्हणजे तीन दिवसांचं व्याज, फार तर पंचाहत्तर रुपये.

त्याचं गणित बरोबर आहे, तारीख चुकली आहे. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने २१,६०० वर तीन दिवसांचे पंचाहत्तरच होतात. पण पूर्ण रक्कम मुदतीत भरली तरच व्याजमुक्त काळ मिळतो. पूर्ण नाही भरली, तर उरलेल्या रकमेवरचं व्याज ड्यू डेटपासून नव्हे, खरेदीच्या तारखेपासून धरलं जातं. मशीन घेतलं दोन जूनला, पैसे भरले पाच जुलैला. तेहेतीस दिवस. ८२० रुपये.

एवढ्यावर भागलं असतं तर मुलाच्या खिशातून ८२० काढून काका झोपायला गेले असते. पण बाकी राहिली की नव्या खरेदीचाही व्याजमुक्त काळ जातो, आणि तो जाताना कार्ड कुणाचं हे विचारत नाही. काकांनी बावीस जूनला ८,००० च्या तपासण्या केल्या होत्या. सुनेने सत्तावीस जूनला १२,००० ची खरेदी केली होती. दोघांनीही मागचा आपापला वाटा चोख भरलेला. तरीही बारा जुलैच्या स्टेटमेंटपर्यंत त्या दोन नोंदींवर मिळून ३९१ रुपये व्याज लागलं. एकूण १,२११, वर अठरा टक्के जीएसटीचे २१८. सगळं एका ओळीत, एका नावाखाली.

सूनबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी वेळेत भरून उपयोग काय?’’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की बँकेच्या लेखी त्यांनी काही भरलंच नाही. खात्यात पैसे आले, बस. जुन्या वाण्याच्या वहीत वडिलांच्या नावाचं एक पान असायचं, साखर थोरल्याने नेली की धाकट्याने, बाकी पानाची. तसंच हे. फरक इतकाच की वाणी दारावरून जाताना आठवण करायचा.

नियम सांगून टाकतो, कारण काकांनी तो लेखी मागितला होता. रिझर्व्ह बँकेने क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतचे निर्देश २१ एप्रिल २०२२ ला काढले, ते लागू झाले १ जुलै २०२२ पासून. मूळ कार्डधारक ज्याचं नाव देईल त्यालाच अ‍ॅड-ऑन कार्ड द्यायचं आणि पैसे फेडण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. शंका आली तर बिलाबद्दल तक्रार करता येते आणि बँकेने तीस दिवसांच्या आत खुलासा द्यायचा असतो. पण मुलाने घेतलेलं वॉशिंग मशीन ही तक्रार होऊ शकत नाही. मुलाचा फोन हरवला आणि कुणी तिसऱ्याने खर्च केला तर गोष्ट वेगळी. घरातल्या माणसाने आपल्याच कार्डाने केलेला खर्च बँकेच्या दृष्टीने तुम्हीच केलेला असतो.

माझ्या स्वतःच्या बँकेचं स्टेटमेंट तर कप्पेही करत नाही. सगळ्या नोंदी तारखेनुसार एकापाठोपाठ, आणि कुठली माझी, कुठली बायकोची, ते ओळखायचं खर्चाच्या वेळी आलेल्या मेसेजवरून, कारण चार आकडे फक्त त्यात असतात. म्हणून तर पेन्सिल. बायको म्हणते, मेसेज पुसू नका एवढं साधं आहे. पण त्यात मजा नाही.

आणि चार आकड्यांचं कोडं सुटलं तरी दुकानाच्या नावांचं राहतंच. हा माझा जुना राग आहे. कुणाल आयकॉन रोडवर पाटी असते एक आणि स्टेटमेंटवर उगवतं भलतंच. स्टेटमेंटवर छापलं जातं ते स्वाइप मशीन घेताना बँकेकडे नोंदवलेलं नाव, आणि ते मालकाच्या दुसऱ्याच धंद्याचं किंवा आजोबांच्या नावाच्या ट्रेडर्सचं असू शकतं. शिवार चौकाजवळ आम्ही पोहे-मिसळ खातो. ते ठिकाण कागदावर ‘हॉस्पिटॅलिटी’ म्हणून येतं. रक्कम तीनशे चाळीस आणि शब्द हॉस्पिटॅलिटी! पहिल्यांदा ते पाहून बायकोने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, ती नजर अजून आठवते. बरं, ती नोंद निघाली तिच्याच कार्डावरची.

काकांचा प्रश्न याहून गंभीर होता. मुलाच्या कप्प्यात लागोपाठ चार नोंदी, पुढे गाव छापलेलं: बंगळुरू. ‘‘हा चाकणला जातो सांगून बंगळुरूला जातो की काय?’’ मुलगा घरी बसून जेवण मागवत होता. ऑनलाइन पैसे भरले की बऱ्याचदा मधल्या पेमेंट कंपनीचं किंवा मुख्य कार्यालयाचं गाव येतं. पिंपळे सौदागरात खाल्लेली बिर्याणी बंगळुरूची ठरते. काकांना हे पटलं, पण दुसरीच गोष्ट खटकली. ‘‘रात्री पावणेबाराला?’’ वेळ स्टेटमेंटवर नव्हती. ती काकांच्या मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये होती. त्यांच्या बँकेत अ‍ॅड-ऑनच्या खर्चाचे मेसेज मूळ कार्डधारकालाही जातात, आणि काका ते वाचतात. पस्तिशीच्या मुलाला हे माहीत नव्हतं. त्या रात्री कळलं.

यावर बाप-लेकात जे बोलणं झालं ते इथे देत नाही. त्याचं फलित एवढंच की मुलाने स्वतःचं कार्ड काढायचं ठरवलं. ते त्याने केव्हाच करायला हवं होतं, कारण अ‍ॅड-ऑनवर कितीही चोख वागलं तरी आपल्याकडे साधारणपणे त्याची नोंद क्रेडिट ब्युरोकडे मूळ कार्डधारकाच्याच खात्यावर होते. चाकणच्या नोकरीवर गृहकर्ज मागायला गेलेला मुलगा कर्जाच्या इतिहासात कोरा निघतो आणि निवृत्त वडिलांचा स्कोअर झळाळतो. सुनेचं कार्ड मात्र राहणार आहे. काकांनी बँकेत विचारून त्यावर महिना वीस हजारांची वेगळी मर्यादा लावून घेतली. पण ही मर्यादा म्हणजे सूनबाईंसाठी राखून ठेवलेले वीस हजार नव्हेत, हेही सांगावं लागलं. मर्यादा खात्याची एकच. काकांनी कार्डाची मूळ मर्यादा संपवली, तर सुनेचे वीस हजार शिल्लक असूनही दुकानात कार्ड नाकारलं जाईल.

काकांचा राग निवावा म्हणून मी त्यांना स्टेटमेंटचं शेवटचं पान दाखवलं. व्याज त्यांच्या नावाखाली, तसेच रिवॉर्ड पॉइंटही. तिघांच्या खरेदीचे पॉइंट एकाच खात्यात जमा झाले होते, आणि ते वापरायचा हक्क मूळ कार्डधारकाचा. काकांचा चेहरा उजळला. कॅटलॉग उघडून त्यांनी पाच लिटरचा कुकर निवडला. सूनबाईंचं म्हणणं असं की त्यांतले निम्म्याहून जास्त पॉइंट किराणा आणि गणवेशाचे आहेत, तेव्हा कुकर नको, मिक्सर हवा. मुलाचं म्हणणं, सगळ्यात मोठी खरेदी वॉशिंग मशीनची होती. स्टेटमेंटवर पॉइंटांचे कप्पे केलेले नाहीत. मला पुन्हा बोलावलं आहे, पेन्सिल घेऊन.