यादीत शाळा, हातात काय?

पंचायतींना अधिकार मिळाले आहेत की नाही, हा वाद आपल्या भागात नेहमी दोन टोकांवरून चालतो. सरकारी बाजूचे लोक म्हणतात, घटनेतील सर्वच्या सर्व २९ विषय कर्नाटकाने पंचायतींकडे सोपवले आहेत. गावचा पंचायत सदस्य म्हणतो, आमच्या हातात काहीच नाही. गंमत अशी की दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. विषय यादीत आहेत, पण विषय म्हणजे काम नव्हे. हा फरक समजून घेतल्याशिवाय आपली मागणी नेमकी कोणाकडे आणि कशासाठी करायची, हे कळणार नाही. म्हणून या अंकात एकच विषय घेऊ, तोही आपल्या जिव्हाळ्याचा: गावची सरकारी मराठी प्राथमिक शाळा.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने घटनेला अकरावे परिशिष्ट जोडले आणि त्यात २९ विषय घातले. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण हा त्यातील सतरावा. मात्र २४३ छ या कलमाची, म्हणजे इंग्रजीतील २४३ जी ची, भाषा नीट वाचावी. राज्याचे विधानमंडळ पंचायतींना असे अधिकार 'देऊ शकेल', असे तेथे म्हटले आहे. 'दिलेच पाहिजेत' असे नाही. सगळ्या घोळाचे मूळ या एका क्रियापदात आहे. काय द्यायचे, किती द्यायचे आणि केव्हा परत घ्यायचे, हे राज्य ठरवते.

त्यामुळे बहुतेक राज्यांनी परिशिष्टातील मथळे आपल्या कायद्यात उतरवून घेतले. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्याची तीन परिशिष्टे उघडली तर शिक्षण तिन्हींत सापडते. ग्रामपंचायतीकडे मुलांची पूर्ण पटनोंदणी व हजेरी आणि शाळेचे व्यवस्थापन. तालुका पंचायतीकडे प्राथमिक शाळांच्या इमारतींचे बांधकाम व दुरुस्ती. जिल्हा पंचायतीकडे शाळा स्थापन करणे व चालवणे. आता 'व्यवस्थापन' कोठे संपते आणि 'चालवणे' कोठे सुरू होते, हे कोणी सांगावे? एकाच जमिनीवर तीन भावांची नावे लागली, पण बांध कोणीच घातला नाही, अशी ही अवस्था.

हा बांध घालण्याचे काम म्हणजेच ॲक्टिव्हिटी मॅपिंग. विषय तोडून त्याची लहान लहान कामे करायची आणि प्रत्येक काम कोणत्या पातळीवर चांगले होईल ते पाहून तेथे द्यायचे. जे काम गावात होऊ शकते ते वर नेऊ नये, हा नियम. आणि कामाबरोबर दोन गोष्टी गेल्याच पाहिजेत: त्यासाठीचा पैसा आणि ते करणारी माणसे. केंद्राच्या कृतिदलाने २००१ मध्ये अशा वाटणीचा नमुना दिला. २००४ मध्ये केंद्रात पंचायत राज मंत्रालय निघाले आणि त्याच वर्षी जुलैत कोलकात्याच्या बैठकीत राज्यांनी हे काम पुरे करण्याचे मान्य केले. कर्नाटकानेही त्या सुमारास आपला तक्ता काढला. तेव्हा तक्ता नाही, अशी तक्रार करता येत नाही. तो चालतो का, एवढेच पाहायचे.

समजा, बेळगाव तालुक्यातील एका गावात मराठी शाळा आहे. दोन शिक्षकांपैकी एक निवृत्त झाले आणि एका खोलीचे छप्पर गळू लागले. ही दोन कामे कोणकोणत्या टेबलांवरून जातात ते पाहू.

पहिले काम शिक्षकाचे. मुख्याध्यापक रिकाम्या जागेचा अहवाल गटशिक्षणाधिकाऱ्यांना देतात. तेथून तो जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांकडे जातो. भरतीची परीक्षा राज्यपातळीवर होते. बदल्यांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, आधी २००७ चा आणि नंतर २०२० चा, आणि त्या कौन्सेलिंगने होतात. मधल्या काळात अतिथी शिक्षक नेमायचा तर त्यांची संख्या व मानधन शासनच ठरवते. या सगळ्या वाटेवर तालुका पंचायतीच्या सभागृहाचे टेबल कोठेही लागत नाही. पुढच्या भरतीत मराठी माध्यमाच्या इतक्या जागा धरा, असा ठराव तिने केला, तरी तो विनंतीअर्ज ठरतो, आदेश नव्हे.

आणि तरीही प्राथमिक शिक्षकांचा पगार कोठे दिसतो? तालुका पंचायतीच्या अनुदानात. राज्याच्या अर्थसंकल्पाबरोबर 'लिंक डॉक्युमेंट' नावाचे पुस्तक निघते. कोणत्या जिल्हा व तालुका पंचायतीला कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम, हे त्यात असते. ते पाहून कोणालाही वाटेल की तालुका पंचायत किती श्रीमंत संस्था आहे! पण पगाराचे बिल शिक्षण खात्याच्या कार्यालयात तयार होते आणि खजिन्यातून ती रक्कम थेट शिक्षकाच्या खात्यात जाते. समजा शिक्षणाच्या शीर्षाखाली शंभर रुपये आले आणि त्यातील पंचाण्णव पगाराचे असले, तर त्या पंचाण्णवांबाबत सभागृहाला ना कमी करता येते, ना जास्त, ना दुसरीकडे वळवता येते. बँकेत आम्ही अशा व्यवहाराला ठेव म्हणत नाही. खाते तुमच्या नावाचे, पण चेकबुक दुसऱ्याकडे, असा हा प्रकार. पासबुकातली मोठी रक्कम दाखवून कोणी तुम्हाला सावकार म्हणू लागला, तर हसावे की रडावे?

दुसरे काम छपराचे. कायद्याप्रमाणे शाळेची दुरुस्ती तालुका पंचायतीची. म्हणजे येथे तरी वाट सरळ हवी. पण अंदाजपत्रक करणारा अभियंता जिल्हा पंचायतीच्या अभियांत्रिकी विभागाचा, तालुका पंचायतीच्या सभागृहाला जबाबदार नाही. पैसा पाहावा तर पगार वजा जाता उरलेली रक्कम बहुतेक योजनांच्या नावाने बांधलेली. मोठ्या दुरुस्तीसाठी मग राज्याच्या एखाद्या योजनेची, समग्र शिक्षा अभियानाची किंवा आमदार निधीची वाट पाहावी लागते, आणि त्यांच्या याद्या इतरत्र ठरतात. २००१ पासून शासन आदेशाने पालकांच्या शाळा सुधारणा समित्याही आल्या. त्यांनी अनेक गावांत चांगले काम केले, पण त्यांच्याकडे येणारे अनुदान खात्याच्या वाटेने येते. म्हणजे शाळेचे 'व्यवस्थापन' असलेली ग्रामपंचायत पुन्हा बाजूलाच.

शेवटी गावकरी जातात कोणाकडे? पंचायत सदस्याकडे. कारण यादीत नाव त्याचे आहे. दोष त्याच्याकडे गेला आणि अधिकार खात्याकडे राहिला.

यावर खात्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे. शिक्षकभरती तालुक्याच्या हाती दिली तर वशिला आणि जातपात शिरेल, असे ते सांगतात. ही भीती पोकळ नाही. विकेंद्रीकरणात पुढे गेलेल्या केरळानेही शाळा व त्यांच्या इमारती स्थानिक संस्थांकडे सोपवल्या, पण शिक्षक खात्याचेच राहिले. पलीकडे महाराष्ट्रात १९६२ पासून प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचे नोकर आहेत, तेथेही २०१७ नंतर भरती 'पवित्र' पोर्टलवरून राज्यपातळीवर गेली. तेव्हा भरती वर राहावी, हे समजू शकते. पण मग तक्त्यात तसे स्वच्छ लिहावे. भरती राज्याची, पण रिकाम्या जागी ठरावीक दिवसांत अतिथी शिक्षक नेमणे तालुक्याचे, छप्पर तालुक्याचे, हजेरी व पटनोंदणी गावाची. कामे तोडण्याचा उपयोग तोच. एका कामाचे कारण पुढे करून दहा कामे अडवून ठेवणे म्हणजे वाटणी नव्हे.

केरळाकडून घेण्यासारखी गोष्ट पैशाची आहे. १९९६ च्या लोकयोजनेपासून त्या राज्याने आपल्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना देण्याचे ठरवले. प्रत्येक संस्थेची रक्कम अर्थसंकल्पाच्या वेगळ्या परिशिष्टात छापली जाते आणि तिचा मोठा भाग कोणत्याही योजनेच्या नावाने बांधलेला नसतो. तेथे गळके छप्पर दुरुस्त करायचे की नाही, हे सभागृह खरोखर ठरवू शकते. कर्नाटकालाही हे परके नाही. अब्दुल नझीरसाब मंत्री असताना १९८७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदांचा दरारा जुन्या लोकांना आठवत असेल. दिलेले परत घेता येते, हेच त्यावरून दिसते.

आणि परत घेण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे सभागृहच नसणे. कर्नाटकातील तालुका व जिल्हा पंचायतींची निवडणूक २०१६ मध्ये झाली, २०२१ मध्ये मुदत संपली आणि त्यापुढे वर्षानुवर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. पाच वर्षांनी निवडणूक, ही घटनेतील सक्तीची तरतूद आहे. सक्तीच्या तरतुदीची ही गत, तर 'देऊ शकेल' या शब्दांवर किती विसंबायचे? या काळात शाळा उघडल्या, पगार झाले, खात्याचे काही अडले नाही. काम खरोखर सोपवलेले असते तर सभागृहावाचून ते अडले असते.

म्हणून एखादे काम खरेच आले आहे का, हे तपासायला चार प्रश्न पुरेत. त्या कामाचा पैसा सभागृह एका शीर्षातून दुसऱ्यात वळवू शकते का? ते करणाऱ्या माणसाची रजा, हजेरी आणि कामाचा शेरा सभागृहाच्या हाती आहे का? खात्याने एखादे परिपत्रक काढले तर सभागृहाचा ठराव टिकतो का? आणि तेच काम करणारी दुसरी समिती, सोसायटी किंवा योजना शेजारी उभी आहे का? पहिल्या तिन्हींना 'नाही' आणि चौथ्याला 'होय' असे उत्तर आले, तर ते काम फक्त यादीत आहे.

आपल्या मंडळांनी आता 'पंचायतींना अधिकार द्या' असे मोघम निवेदन देणे थांबवावे. तालुकानिहाय लिंक डॉक्युमेंट माहिती अधिकारात मागवावे. त्यात पगार किती, बांधलेली रक्कम किती आणि सभागृहाच्या मर्जीची किती, अशा तीन रकाने करून ती बेरीज प्रत्येक गावात लावावी. निवेदनात मग दोनच मागण्या असाव्यात: शाळादुरुस्तीची रक्कम न बांधता तालुक्याला द्या, आणि मराठी शाळेतील रिकामी जागा अमुक दिवसांत भरली नाही तर अतिथी शिक्षक नेमण्याचा अधिकार तालुका पंचायतीला नियमाने द्या. मागणी एवढी नेमकी असली की नाही म्हणणाऱ्याला कारण लिहून द्यावे लागते. आजवर ते कोणी मागितलेच नाही.