घडीतले अक्षर

परवा वाशीमच्या एका विद्यार्थ्याने पणजोबांच्या मोडी पत्राचा फोटो मोबाईलवर धाडला. ‘सर, देवनागरीत उतरवून द्या!’

मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची नि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जायचे. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. शब्द कोठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचे.

एका ओळीत ‘शेत ग’, पुढे ‘दिले’. मधला मजकूर घडीत गडप!

‘गहाणच असणार, सर. तसेच लिहा,’ चिरंजीव म्हणाले. घरात त्याच शेताचा वाद होता.

मी लिहिले : ‘शेत ग[घडीमुळे अवाच्य] दिले’. मग घडी हलकेच सपाट करून, उजेड एका बाजूने पाडून पुन्हा फोटो काढायला सांगितले.

त्यात ‘दिले’च्या आधी ‘स’ दिसला. पत्रातल्या इतर ‘स’शी ताडला, जुळला. ‘ग’ आणि ‘स’ यांत जेमतेम एका अक्षराची जागा. तेथे गहाण मावत नाही! शेत कोणास तरी दिलेले दिसते. गणूस की गंगूस?

तो कंस मात्र मी अजून रिकामाच ठेवला आहे.