बारा महिन्यांचा हिशेब कधी सुरू होतो?



आपल्या कोकणातल्या घराघरांतून कुणी ना कुणी परदेशात असतोच. पूर्वी बहुतेक जण आखातात जायचे, आता मुले इंग्लंडलाही जाऊ लागली आहेत. परवा माझ्या बहिणीकडे खेडला गेलो होतो, तेव्हा लेस्टरहून भाच्याचा फोन आला. “मामू, पास झालो एकदाचा!” त्याला परीक्षा कसली म्हणून विचारले, तर म्हणाला, गाडी चालवण्याची. खेडला असताना नऊ वर्षे गाडी हाकणारा, कशेडी घाट रात्री-बेरात्री उतरणारा हा मुलगा! मग सगळी हकीकत कळली. तुमच्या घरातले कुणी निघण्याच्या तयारीत असेल तर त्यालाही कळावी म्हणून ती इथे देतो.

ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्या माणसाला आपल्या भारतीय लायसन्सवर तिथे मोटार चालवता येते, पण फक्त बारा महिने. त्यानंतर तेच लायसन्स बदलून तिथले मिळेल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. लायसन्स थेट बदलून देण्यासाठी त्यांच्याकडे ठरावीक देशांची यादी आहे आणि तीत भारत नाही. संयुक्त अरब अमिरातीचा मात्र 2021 पासून समावेश आहे. म्हणजे दुबईत परीक्षा देऊन तिथले लायसन्स मिळवलेला आपला माणूस पुढे ब्रिटनला राहायला गेला, तर पाच वर्षांच्या आत ते बदलून घेऊ शकतो. थेट खेडहून गेलेल्याला मात्र शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागते.

भाचा 10 सप्टेंबरला लेस्टरला उतरला. एका गोदामात रात्रपाळी, घरापासून अकरा मैल, आणि पहाटे बस नाही. त्याने जुनी गाडी घेतली, भारतीय लायसन्स सांगून विमा काढला आणि निर्धास्त झाला. मधे रमजान ईदला महिनाभर घरी येऊन गेला, तेव्हा त्याला वाटले की परत गेल्यावर बारा महिने नव्याने मोजले जातील. इथेच चूक झाली. ही मुदत राहायला गेल्याच्या दिवसापासून धरतात. मधे सुट्टीवर येऊन गेल्याने ती पुन्हा सुरू होत नाही. इथून काढून नेलेल्या आंतरराष्ट्रीय परमिटनेही ती वाढत नाही.

शेजारच्या चाचांनी हे लक्षात आणून दिले तेव्हा जुलै संपत आला होता. त्याने घाईने डीव्हीएलए या परवाना खात्याकडे शिकाऊ, म्हणजे प्रोव्हिजनल लायसन्ससाठी अर्ज केला. ऑनलाइन फी 34 पौंड. ते हातात आल्याशिवाय पुढची परीक्षा नोंदवता येत नाही. ऑगस्टच्या अखेरीस लेखी परीक्षा झाली, तिची फी 23 पौंड. हिचे दोन भाग असतात आणि दोन्हींत एकाच वेळी पास व्हावे लागते. पहिल्या भागात पन्नास प्रश्न. त्रेचाळीस बरोबर हवेत, त्याचे सेहेचाळीस आले. दुसऱ्या भागात रस्त्याच्या चौदा चित्रफिती दाखवतात. धोका तयार होताना दिसला की माउसचे बटण दाबायचे. लवकर ओळखला तर पाच गुण, उशीर झाला तर कमी. पंचाहत्तरपैकी चव्वेचाळीस हवेत, याला मिळाले एकेचाळीस. कारण काय, तर तो धोका समोर येईपर्यंत थांबायचा. रस्त्याकडेला चेंडू दिसला की त्यामागे मूल येणार, हे चेंडू दिसतानाच ओळखायचे असते. बरे, भीतीने सारखे बटण दाबत राहावे, तर त्या चित्रफितीचे गुण शून्य होतात. आठवड्याभराने पुन्हा बसला आणि पास झाला.

आता राहिली प्रत्यक्ष गाडी चालवण्याची परीक्षा. कामाच्या दिवशी फी 62 पौंड. पण सर्वांत लवकरची तारीख मिळाली जानेवारीची! कित्येक केंद्रांवर अशीच महिनोन्‌महिने रांग असते. आणि 10 सप्टेंबर तर उजाडलाच.

त्या दिवसापासून तो कायद्याने शिकाऊ चालक झाला. गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी, आणि शेजारी एकवीस वर्षांवरील, तिथले पूर्ण लायसन्स तीन वर्षे बाळगलेला माणूस असलाच पाहिजे. एकट्याने गाडी काढली तर लायसन्स नसल्यासारखे धरतात, आणि विमाही लागू होत नाही. विम्याशिवाय पकडले तर निदान सहा दंडगुण लायसन्सवर चढतात, गाडीही जप्त होऊ शकते.

मग रात्री अकरा मैल जायचे कसे? इथे कामी आली त्याची बायको. ती मुलांना घेऊन त्याच्यानंतर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये गेली होती. प्रत्येकाची मुदत स्वतंत्र असल्याने तिचे भारतीय लायसन्स पुढच्या मार्चपर्यंत चालणार होते. तिचे नाव विम्यात घातले आणि रात्री नवऱ्याला कामावर सोडायचे काम तिच्याकडे आले. मात्र ती शेजारी बसली म्हणून त्याला चालवता येत नव्हते, कारण सोबतच्या माणसाला भारतीय लायसन्स पुरत नाही. सुट्टीच्या दिवशी शेजारचे चाचा बसायचे, तेव्हाच याचा सराव.

सुनेने मात्र एप्रिलमध्येच प्रोव्हिजनल काढले, मेमध्ये लेखी परीक्षा दिली आणि लगेच तारीख नोंदवली. ऑक्टोबरमध्ये ती पहिल्याच वेळी पास झाली. भाचा जानेवारीत नापास!

नऊ वर्षांचा चालक नापास का व्हावा? चाळीस मिनिटांच्या त्या परीक्षेत किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ असतात, पण गंभीर चूक एकही चालत नाही. मोठ्या गोल चौकात उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे असते. आपल्याकडेही नियम तोच, पण आपण नाक पुढे घालून जागा करून घेतो. तो तसाच घुसला आणि उजवीकडच्या गाडीला ब्रेक मारावा लागला. परीक्षा तिथेच हुकली. नंतर शिकवणाऱ्याने आणखी एक खोड दाखवली. लेन बदलताना तो आरशात बघायचा, पण आरशात न दिसणारा बाजूचा भाग मान वळवून पाहायचा नाही. आपल्याकडे तेवढी जागा हॉर्न सांभाळून घेतो, तिथे ती नजरेने सांभाळावी लागते. याकरता त्याने सहा तास शिकवणी घेतली.

नापास झाल्यावर दहा कामाचे दिवस सोडूनच पुढची तारीख घेता येते. कुणीतरी रद्द केलेली जागा त्याला मार्चमध्ये मिळाली आणि तो सुटला.

तेव्हा तुमच्याकडचे कुणी ब्रिटनला निघाले असेल, तर उतरल्याची तारीख घरातल्या प्रत्येकाची वेगळी लिहून ठेवा. प्रोव्हिजनलचा अर्ज पहिल्या एक-दोन महिन्यांत करा. त्याने भारतीय लायसन्सवर चालवण्याची मुदत कमी होत नाही. आणि परीक्षा साध्या गिअरच्या गाडीवर द्यायची की ऑटोमॅटिकवर, हे आधी ठरवा. ऑटोमॅटिकवर पास झालात, तर लायसन्सही तेवढ्याच गाडीचे मिळते.

फोन ठेवताना बहिणीने लेकाला विचारले, “आता सुनेला रात्रीची झोप मिळते ना?” तिच्या दृष्टीने परीक्षेचा निकाल तोच होता.